‘सोमवारी पाचला’ म्हणजे नक्की कधी? परदेशी टीमसोबतची वेळ पक्की कशी करावी

परदेशातल्या टीमबरोबर काम सुरू झालं की थोड्याच दिवसांत असा एखादा मेसेज येतो: ‘सोमवारी पाचला बोलू या.’ पहाटेचे की संध्याकाळचे, कुठल्या शहरातले, काहीच नाही. लिहिणाऱ्याला मात्र तो पूर्ण वाटतो, कारण तो स्वतःच्याच घड्याळाकडे बघून लिहीत असतो. नवीन माणसाला विचारायचा संकोच वाटतो, आपल्यालाच कळलं नसेल असं वाटतं, आणि तो अंदाज बांधून मोकळा होतो. तसं न करता अशा मेसेजचं काय करायचं, ते इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत सोडवून सांगतो.

समजा तुम्ही पुण्यात आहात. टीममधले काहीजण लंडनला, काहीजण शिकागोला. शुक्रवारी, १३ मार्च २०२६ रोजी, लंडनमधल्या प्रोजेक्ट लीडने तिन्ही ठिकाणच्या लोकांना हा मेसेज टाकला. सोमवार म्हणजे १६ मार्च. तारीख मी मुद्दाम मार्चमधली घेतली आहे, त्याचं कारण पुढे येईल.

आधी सगळे अर्थ कागदावर मांडा

तीन शहरं आणि दिवसातून दोनदा वाजणारे पाच, म्हणजे या एका वाक्याचे सहा अर्थ होतात. ते डोक्यात धरू नका, लिहून काढा. १६ मार्चला ते असे पडतात:

| कुणाचे पाच | लंडन | शिकागो | पुणे |
|---|---|---|---|
| लंडन, पहाटे | सोम. ०५:०० | सोम. ००:०० | सोम. १०:३० |
| लंडन, संध्याकाळी | सोम. १७:०० | सोम. १२:०० | सोम. २२:३० |
| शिकागो, पहाटे | सोम. १०:०० | सोम. ०५:०० | सोम. १५:३० |
| शिकागो, संध्याकाळी | सोम. २२:०० | सोम. १७:०० | मंगळ. ०३:३० |
| पुणे, पहाटे | रवि. २३:३० | रवि. १८:३० | सोम. ०५:०० |
| पुणे, संध्याकाळी | सोम. ११:३० | सोम. ०६:३० | सोम. १७:०० |

हा हिशोब करायला फोनमधलं जागतिक घड्याळ चालतं, पण ते आत्ताची वेळ दाखवतं, सोमवारची नाही. मधल्या शनिवार-रविवारी कुठे घड्याळं बदलणार असतील तर ते फसवतं. म्हणून तारीख टाकून बघता येईल अशा ठिकाणी बघा. कॅलेंडरमध्ये त्या दिवशीची खोटी नोंद करून पाहिली तरी काम भागतं.

तोंडी हिशोबाची एक रीत मात्र शिकून ठेवा. शिकागो आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेअकरा तास आणि उन्हाळ्यात, म्हणजे तिथली घड्याळं तासभर पुढे केलेली असताना, साडेदहा तास मागे असतं. एवढे तास वजा करताना गोंधळ होतो. त्याऐवजी सकाळची संध्याकाळ करा, संध्याकाळची सकाळ करा, आणि हिवाळ्यात अर्धा तास किंवा उन्हाळ्यात दीड तास मिळवा. पुण्यात संध्याकाळचे पाच, तर उलटून पहाटेचे पाच, अधिक दीड तास, शिकागोत सकाळचे साडेसहा. न्यूयॉर्क शिकागोच्या एक तास पुढे, म्हणून तिथे दीड आणि अडीच. लंडनसाठी सरळ वजाबाकी पुरते: हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार.

हा अर्धा तास परदेशी सहकाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांना पूर्ण तासांच्या फरकाची सवय असते, म्हणून ‘पुणे पाच तास पुढे’ असं ते सहज धरून चालतात आणि तीस मिनिटं चुकतात. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे, त्यातून साडेपाच येतात. ‘कुणाचे पाच?’ हा प्रश्न मुंबईकरांना तरी एके काळी घरबसल्या पडत असे: १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने स्वतःची मुंबई वेळ, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागची, १९५५ पर्यंत चालू ठेवली होती.

अशक्य ते खोडा, पण तिथे थांबू नका

आता कोष्टकाकडे बघा. पुण्यातली पहाट म्हणजे बाकीच्यांचा रविवार, ती खोडा. लंडनची पहाट कुणी सुचवणार नाही. शिकागोची पहाट कारखान्याच्या किंवा हॉस्पिटलच्या पाळीत शक्य असते, ऑफिसात नाही. शिकागोची संध्याकाळ म्हणजे लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या घड्याळात रात्रीचे दहा, ती वेळ लंडनचा माणूस आपणहून सुचवेल असं वाटत नाही.

दोन अर्थ उरतात: लंडनमधली संध्याकाळ आणि पुण्यातली संध्याकाळ. सगळे चुकतात ते इथे. ‘लीड लंडनचा, म्हणजे लंडनचे पाच’ असं मनाशी ठरवून टाकतात. पण भारतीयांबरोबर बरीच वर्षं काम केलेला लीड तुमच्या सोयीसाठी पुण्याची वेळ लिहितो, आणि ती पुण्याची आहे हे लिहायला विसरतो. मेसेज फक्त तुम्हाला आलाय की तिन्ही शहरांना, आधीच्या मेलमध्ये तो कुठली वेळ वापरायचा, हे जरूर बघा. त्यावरून कुठला अर्थ जास्त संभवतो ते कळेल. खात्री मात्र होणार नाही, तेव्हा विचारणं आलंच.

असं विचारा की ‘हो’ म्हटलं तरी पुरेल

‘कुठले पाच?’ असं विचारलंत तर उत्तर येतं ‘संध्याकाळचे’. मग शहर विचारायला दुसरा मेसेज, आणि मधे शनिवार-रविवार. काही वेळा उत्तर येतं ‘माझ्या वेळेनुसार’, आणि नंतर कळतं की माणूस त्या आठवड्यात प्रवासात होता.

म्हणून तुम्हाला सर्वात शक्य वाटणारा अर्थ पूर्ण लिहून पाठवा आणि बरोबर आहे का तेवढं विचारा:

```
Mon 16 Mar: 17:00 London / 12:00 Chicago / 22:30 Pune - correct?
```

बरोबर असेल तर समोरच्याला एका शब्दात उत्तर देता येतं. चुकीचं असेल तर त्याला ते लगेच दिसतं, कारण तिन्ही घड्याळं त्याच्यासमोर आहेत. आणखी एक गोष्ट घडते, जी मला या सगळ्यात सर्वात मोलाची वाटते. पुण्याचे साडेदहा डोळ्यांनी वाचल्यावर बरेच लीड स्वतःहून वेळ अलीकडे आणतात: लंडन दुपारी दोन, शिकागो सकाळी नऊ, पुणे संध्याकाळी साडेसात. रात्री साडेदहाला बसा असं त्यांना म्हणायचंच नसतं, त्यांना ते दिसलेलं नसतं. नवीन माणसाला अशा वेळी तक्रार करणं जड जातं. ही एक ओळ लिहिणं जड जात नाही.

विचारायची वेळही महत्त्वाची आहे. शुक्रवारी लंडनचं ऑफिस संध्याकाळी पाचला सुटतं असं धरलं, तर पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेदहा. त्याआधी विचाराल तर त्याच दिवशी उत्तर मिळेल. शनिवारी विचारलंत तर लंडनचा माणूस सोमवारी सकाळी नऊला बघणार, म्हणजे आपल्याकडे दुपारी अडीचला. पुण्याचे पाच असतील तर हातात अडीच तास राहतात, चालून जातं. शिकागोतल्या कुणाला विचाराल तर तो सोमवारी सकाळी आठला, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेसहाला उत्तर देईल, आणि तोवर पुण्याचे पाच होऊन गेलेले असतील. ज्याने लिहिलं त्यालाच विचारा.

आणि उत्तर आलंच नाही तर? दोन शक्यतांपैकी आधी येणारी वेळ धरा. पाचला लॉगिन केलंत आणि कुणी आलं नाही, तर दहा मिनिटं गेली, साडेदहाची संधी अजून शिल्लक आहे. साडेदहाची वाट बघत बसलात आणि मीटिंग पाचला होऊन गेली असेल, तर ती परत मिळत नाही.

ठरलेली वेळ लिहिताना

उत्तर आलं की एका ओळीत सगळ्यांना पाठवा. त्या ओळीत वार, तारीख, चोवीस तासांचं घड्याळ आणि शहरांची नावं हवीत. महिना अक्षरांत लिहा; ०३/०४ हे अमेरिकेत चार मार्च असतं आणि लंडनमध्ये तीन एप्रिल.

वेळेच्या पट्ट्यांची इंग्रजी लघुरूपं शक्यतो टाळा. `IST` म्हणजे आपल्याला भारत वाटतं, पण आयर्लंड आणि इस्रायलही आपापल्या वेळेला तेच म्हणतात. `CST` शिकागोचंही आहे आणि चीनचंही. त्याहून त्रासदायक म्हणजे शिकागोतले लोक उन्हाळ्यातही सवयीने `CST` लिहितात, तेव्हा तिथे खरं तर `CDT` चालू असतं. अक्षरशः घेतलंत तर तुम्ही एक तास उशिरा पोहोचता. ‘शिकागो’ लिहिलं की त्या दिवशी शिकागोच्या भिंतीवरच्या घड्याळात जे असेल ते, वाद संपला. लंडनसाठी `GMT` लिहिण्यातही हीच खोच आहे: लंडनची वेळ आणि `GMT` फक्त हिवाळ्यात एक असतात.

मध्यरात्रीच्या आसपासची वेळ असेल तर जास्त जपा. शिकागोचे सोमवारचे संध्याकाळचे पाच आपण घरी ‘सोमवारी रात्री साडेतीनला’ असं सांगतो, आणि घरात ते सगळ्यांना बरोबर कळतं. कॅलेंडरला मात्र तो मंगळवार आहे. सोमवार, ०३:३० अशी नोंद केलीत तर तुम्ही पूर्ण चोवीस तास आधी उठाल. रात्री बारानंतरच्या प्रत्येक मीटिंगला पुण्याचा वार वेगळा लिहायचा, आणि नेमकी बाराची वेळ ठेवायचीच नाही. पाच मिनिटं इकडेतिकडे केली की कुठल्या दिवसाचे बारा हा प्रश्नच उरत नाही.

कॅलेंडरमध्ये टाकताना शहर बांधा

मेसेजमधली ओळ वाचण्यासाठी असते, लोक हजर होतात ते कॅलेंडरच्या गजरावर. निमंत्रण तुम्ही पाठवणार असाल तर वेळेशेजारी `Time zone` हा पर्याय शोधा आणि जी वेळ ठरली ती ज्या शहराची आहे तेच शहर निवडा. लंडनचे पाच ठरले असतील तर लंडन निवडून १७:०० टाका. स्वतः हिशोब करून पुण्याचे २२:३० टाकू नका. एकदाच होणाऱ्या मीटिंगला दोन्हींत फरक पडत नाही, दर आठवड्याच्या मीटिंगला फार पडतो.

निमंत्रण फाइल म्हणून आलं आणि त्यातली वेळ विचित्र वाटली, तर ती `.ics` फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. आत अशी ओळ असते:

```
DTSTART;TZID=Europe/London:20260316T170000
```

यात शहर बांधलेलं आहे, म्हणून तुमचा फोन त्याचे २२:३० करून दाखवतो. शेवटी `Z` असेल तर ती जागतिक वेळ, म्हणजे `UTC`, तीही पक्की. पण कधीकधी ओळ अशी निघते:

```
DTSTART:20260316T170000
```

इथे ना शहर, ना `Z`. ही ‘सोमवारी पाचला’चीच मशीनच्या भाषेतली आवृत्ती आहे: ज्याच्या फोनवर उघडेल, त्याच्या तिथले पाच. पुण्यातला माणूस पुण्याच्या पाचला येतो, लंडनचा लंडनच्या, आणि दोघांच्याही कॅलेंडरमध्ये १७:०० असंच दिसत असतं, त्यामुळे स्क्रीनशॉट पाठवूनही चूक सापडत नाही. दोन शहरांतल्या लोकांना एकाच मीटिंगसाठी सारखाच आकडा दिसतोय हीच याची खूण. तसं झालं तर निमंत्रण रद्द करून शहर निवडून नवीन पाठवायला सांगा.

घड्याळं हलतात तेव्हा

आता मार्चचं कारण. भारतात वर्षभर घड्याळ एकच असतं, त्यामुळे इतरांचं हलतं हे आपल्या ध्यानात राहत नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. हा नियम २००७ पासून आहे. ब्रिटन आणि युरोपीय संघात हेच मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. २०२६ मध्ये या तारखा येतात ८ मार्च आणि १ नोव्हेंबर अमेरिकेत, २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर ब्रिटनमध्ये. म्हणजे २०२६ च्या मार्चमध्ये तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेर एक आठवडा असा असतो की लंडन आणि शिकागोमधला नेहमीचा सहा तासांचा फरक पाचच होतो. आपला १६ मार्च त्याच तीन आठवड्यांतला. सवयीने सहा धरणाऱ्याने शिकागोला अकरा वाजता बोलावलं असतं, आणि तिथला माणूस तासभर एकटाच बसला असता.

दर सोमवारची मीटिंग शिकागोच्या सकाळी आठला बांधलेली आहे असं धरा. २ मार्चला ती लंडनमध्ये दुपारी दोनला आणि पुण्यात संध्याकाळी साडेसातला होती. ९ मार्चला शिकागोत आठच, पण लंडनमध्ये एक आणि पुण्यात साडेसहा. ३० मार्चपासून लंडन परत दोनवर जातं, पुणे साडेसहावरच राहतं. लंडनचा जो माणूस कॅलेंडर न बघता दोनला येतो, तो ९, १६ आणि २३ तारखेला मीटिंग संपल्यावर पोहोचतो. पुणेकराच्या बाबतीत चूक एका फटक्यात होते, ९ मार्चला, आणि नंतर सगळं ठीक वाटतं. नोव्हेंबरात मात्र तासभर उलटं होतं.

दर आठवड्याची मीटिंग कुठल्या शहराला बांधायची हे ठरवताना मोठ्या साहेबाचं शहर घेतात. माझं मत वेगळं आहे. ज्या शहराकडे सरकायला सर्वात कमी जागा आहे, त्याला बांधा. पुण्यात रात्री साडेनऊच्या पुढे कुणालाच जमणार नसेल, तर पुण्याचे साडेनऊ पक्के करा. मग लंडनमध्ये ती उन्हाळ्यात पाचला आणि हिवाळ्यात चारला होईल, दोन्ही वेळा ऑफिसच्याच. उलट शिकागोत मुलांना शाळेत सोडून लोक आठच्या आत येऊ शकत नसतील, तर शिकागो धरा आणि हिवाळ्यात आपण तासभर उशिरा बसू हे आधीच मान्य करा. काहीजण म्हणतात, `UTC` वर ठेवा, कटकट नको. सर्व्हरच्या कामांसाठी ते उत्तम आहे. माणसांच्या मीटिंगला ठेवलंत तर ती आपल्याकडे हलत नाही, पण लंडन आणि शिकागो दोन्हीकडे वर्षातून दोनदा हलते, आणि तेही वेगवेगळ्या आठवड्यांत.

टीममध्ये सिडनी असेल तर चक्र उलटं फिरतं, तिथे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिस्बेनमध्ये आणि अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याच्या बहुतेक भागात घड्याळ हलतच नाही, म्हणून ‘ऑस्ट्रेलिया’ किंवा ‘अमेरिका’ असं न लिहिता शहरच लिहायचं.

करायचं काम थोडकं आहे. घड्याळ बदलण्याच्या आधीच्या शुक्रवारी, म्हणजे २०२६ मध्ये ६ मार्च, २७ मार्च, २३ ऑक्टोबर आणि ३० ऑक्टोबरला, स्वतःच्या कॅलेंडरमध्ये आठवण लावा. त्या दिवशी पुढच्या आठवड्याच्या प्रत्येक मीटिंगची तिन्ही शहरांतली वेळ कॅलेंडरमध्ये बघून टीमच्या ग्रुपवर एका ओळीत टाका. ६ मार्चची ओळ अशी असेल:

```
Mon 9 Mar: 08:00 Chicago / 13:00 London (not 14:00) / 18:30 Pune (not 19:30)
```

कंसातली जुनी वेळ गाळू नका. नुसती नवीन वेळ लिहिली तर लोकांची नजर तिच्यावरून घसरते. जुनी शेजारी दिसली की ते थांबून वाचतात.